रिसेट केलेला फोन घरी मागवू नकोस

*दादा, माझं घर जांबोटीच्या बाजूला, आणि मी बेळगावात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. काजूच्या पैशातून बाबांनी माझ्या फोनसाठी नऊ हजार बाजूला ठेवलेत. मामेभावाचा निपाणीचा एक मित्र त्याचा दीड वर्ष वापरलेला सॅमसंग विकतोय. हप्त्यावर घेतला होता, पण हप्ते संपले म्हणतो. बिल आणि बॉक्स सापडत नाही. मैत्रिणीने आयएमईआय सरकारी वेबसाइटवर टाकून बघितला, चोरीचा नाही असं आलं. बॅटरी १०० टक्के दाखवते. तो फोन रिसेट करून मामेभावाबरोबर पाठवून देणार आहे. ओळखीतला माणूस आहे, जास्त चौकशी केली तर मामेभावाला वाईट वाटेल. घेऊ का? अजून काय बघायचं असतं?*
*– एक वाचक, खानापूर तालुका*

फोन अजून निपाणीतच असेल तर तिथेच राहू दे, आणि रिसेट करू नको म्हणून मामेभावाकडून आजच निरोप दे. बिल नाही हे मला खटकलंच, पण त्याहून जास्त खटकलं ते हे रिसेट करून पाठवणं. रिसेट केलेला फोन कोरा दिसतो, आणि कोरा दिसला की आपल्याला तो मोकळा वाटतो. पण फोन कुणाचा आहे हे फोनच्या आत कमी आणि बाहेर जास्त लिहिलेलं असतं. गावातल्या दुकानदाराची उधारीची वही असते ना, तशा त्याच्या तीन वह्या आहेत. एक सरकारची, चोरीला गेलेल्या फोनांची. दुसरी गुगल आणि सॅमसंगची, कुठल्या फोनवर कुणाचं खातं आहे याची. तिसरी, फोन हप्त्यावर घेतला असेल तर, कर्ज देणाऱ्याची. रिसेट केल्याने फोनमधले फोटो आणि नंबर पुसले जातात, पण या तिन्ही वह्या त्याने कोऱ्या होतातच असं नाही. तुझ्या मैत्रिणीने पहिली वही उघडली. बाकीच्या दोन अजून मिटलेल्याच आहेत.

पहिलीसुद्धा जरा नीट बघू. मैत्रिणीने कुठला आकडा टाकला, हे तिला विचार. मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला असेल तर ती तपासणी त्या आकड्याची झाली, फोनची नाही. फोन हातात घेऊन डायलवर *#06# दाबलं की पडद्यावर आयएमईआय येतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन येतात, आणि दोन्ही तपासायचे असतात. बहुतेक लोक पहिला तपासून थांबतात. मग सेटिंगमध्ये सगळ्यात खाली About phone मध्ये जाऊन तिथले आकडे याच्याशी जुळवायचे. फोनच्या पाठीवर स्टिकर असेल तर त्यावर विसंबू नको, स्टिकर कुठेही छापून मिळतो. त्यानंतर तुझ्याच मोबाइलवरून 14422 या नंबरवर असा एसएमएस पाठव, KYM च्या पुढे एक जागा सोडून १५ आकडे:

```
KYM 15-अंकी-IMEI
```

हेच sancharsaathi.gov.in वर किंवा संचार साथी अॅपमध्येही करता येतं. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं काही आलं तर तो फोन घ्यायचा नाही, विषय संपला. पण उत्तर चांगलं आलं तरी त्यात फोनची कंपनी आणि मॉडेल काय लिहिलंय ते वाच. आयएमईआयचे पहिले आठ आकडे मॉडेलचे असतात. हातात सॅमसंग आहे आणि उत्तरात दुसऱ्याच कंपनीचं नाव आलंय, म्हणजे कुणीतरी आयएमईआय बदललाय. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार हा तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकणारा गुन्हा आहे. असा फोन चारशे रुपयांना मिळाला तरी नको.

आता या वहीची मर्यादा. ती आपोआप भरत नाही. फोन चोरीला गेलेल्या माणसाने आधी पोलिसांत तक्रार द्यायची, मग त्या तक्रारीच्या आधारे फोन बंद करण्याची विनंती पोर्टलवर टाकायची, तेव्हा कुठे तो आकडा काळ्या यादीत जातो. कुणी चार दिवसांनी तक्रार देतो, कुणी महिन्याने. म्हणून 'चोरीचा नाही' या उत्तराचा खरा अर्थ 'आजपर्यंत कुणी तसं कळवलेलं नाही' एवढाच आहे. मैत्रिणीने मागच्या आठवड्यात बघितलं असेल तर पैसे देण्याच्या दिवशी पुन्हा बघ. एक गोष्ट मात्र या यादीची चांगली आहे, तिला सीमा नाही. मे २०२३ पासून ही सोय सगळ्या देशाला आहे. कोल्हापुरात हरवलेला आणि बंद केलेला फोन बेळगावातही बंदच असतो.

बंद म्हणजे काय, तेही समजून घे. अशा फोनला कुठल्याही कंपनीच्या सिमवर नेटवर्क मिळत नाही, पण वाय-फायवर तो मजेत चालतो. विकणाऱ्याच्या घरच्या वाय-फायवर यूट्यूब दिसलं म्हणून फोन चांगला ठरत नाही. तुझं सिम त्यात घाल, वाय-फाय बंद कर, एक फोन लाव, एक घे, मोबाइल डेटावर एखादं पान उघड. मग सिम दुसऱ्या खाचेत घालून हेच पुन्हा कर. आणि हे जांबोटीत करू नको. तुमच्याकडे 'इथं रेंजच नाही' हे इतकं नेहमीचं आहे की फोनचा दोष रेंजवर खपून जातो. बेळगावात कर, म्हणजे फोनला तीही सबब उरत नाही.

दुसरी वही खात्यांची. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून अशी व्यवस्था आहे की फोनवर गुगल खातं असताना कुणी बाजूची बटणं दाबून जबरदस्तीने रिसेट केलं, तर सुरू होताना फोन आधीच्याच माणसाचं खातं किंवा त्याचा पिन मागतो. चोराला फोन पुसता येतो, वापरता येत नाही, असा त्यामागचा विचार. विकणारा चोर नसला तरी हे कुलूप लागू शकतं. खातं काढायला विसरला, आधीचा पासवर्ड आठवत नाही, खातं मुळात बायकोच्या नावाने होतं, अशी साधी कारणं असतात. फोन तुझ्या घरी, पासवर्ड निपाणीत, आणि मित्र फोन उचलत नाही, अशी वेळ त्यातूनच येते. सॅमसंगवर गुगलशिवाय सॅमसंगचं स्वतःचं खातंही असतं. रेडमी-शाओमीवर Mi खातं असतं. ही दुसरी खाती लोक हमखास विसरतात.

म्हणून रिसेट तुझ्या डोळ्यांसमोर, विकणाऱ्याच्याच हाताने व्हायला हवा, आणि त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी Settings मध्ये Accounts and backup, तिथे Manage accounts. तिथली गुगलची सगळी खाती आणि सॅमसंगचं खातं एकेक करून काढायचं. सॅमसंग खातं काढताना पासवर्ड विचारतो, तो त्याला आठवायला हवा. आठवत नसेल तर त्याने आदल्या दिवशीच बदलून घ्यावा, कारण गुगलचाही पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रिसेट करण्याआधी २४ तास थांबायला गुगल सांगतं. खाती निघाल्यावर General management मध्ये Reset, आणि त्यात Factory data reset.

फोन परत सुरू झाला, स्वागताचा पडदा आला, की बरेचजण हात झटकून पैसे काढतात. खरी तपासणी इथून सुरू होते. तुझ्या आत्ताच्या फोनचा हॉटस्पॉट लावून त्याला इंटरनेट दे, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या वहीची पडताळणी फोन इंटरनेटवरूनच करतो. नेट न देता पुढे ढकललं तर कधी कधी कुलूप दिसत नाही, ते नंतर तुझ्या घरी दिसतं. नेट दिल्यावर फोन काय विचारतो ते बघ. आधीचं खातं किंवा आधीचा पिन पडताळायला मागितला, तर त्या क्षणी फोन त्याला परत दे आणि त्यालाच ते भरू दे. हा फोन अमुक संस्थेचा किंवा कंपनीचा आहे अशा अर्थाचं काही आलं, तर तो बेंगळुरू-पुण्याच्या एखाद्या कचेरीचा फोन आहे. तो कितीही वेळा पुसला तरी नेट मिळालं की परत त्या कचेरीच्या ताब्यात जातो. यातलं काहीच आलं नाही, तर तुझं स्वतःचं गुगल खातं घाल आणि मुख्य पडद्यापर्यंत पोच. तिथे पोचलीस की दुसरी वही तुझ्या नावाची झाली. आयफोन घेणाऱ्यांनीही हेच करायचं. आधीच्या मालकाने आयक्लाउडमधून साइन आउट करायचं, Find My बंद झालंय याची खात्री करायची, मग रिसेट, आणि नेट लावून पहिल्या पडद्यापासून सुरुवात.

तिसऱ्या वहीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ती मी स्वतः चुकवली होती. माझ्या मावसभावाने बेळगावातच ओळखीच्या मुलाकडून फोन घेतला. आयएमईआय मी तपासला, खाती माझ्यासमोर निघाली, सगळं नीट. दोन महिने फोन उत्तम चालला. गणपती विसर्जनाच्या संध्याकाळी तो मिरवणुकीचं शूटिंग करत होता आणि मधेच पडदा काळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर: हप्ता थकला आहे, या नंबरवर संपर्क साधा. बाकी काहीच चालेना. आपत्कालीन फोन आणि तो एक नंबर, एवढंच लागत होतं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणला. मी रिसेट केला, फोन कोरा होऊन सुरू झाला, वाय-फाय मिळालं आणि मिनिटाभरात तोच काळा पडदा परत आला. विकणारा मुलगा फोन विकेपर्यंत हप्ते वेळेवर भरत होता. विकल्यावर त्याने भरणं सोडलं. माझी तपासणी झाली त्या दिवशी कुलूप उघडं होतं, म्हणून मला दिसलंच नाही.

हप्त्यावर दिलेल्या बऱ्याच फोनांत कर्ज देणारा विक्रीच्या वेळीच अशी सोय घालून देतो, आणि फोनचा आकडा निर्मात्याच्या सर्व्हरवर त्याच्या नावाने नोंदवलेला असतो. नेट मिळालं की फोन तिथे विचारतो, आणि तिथून आलेला हुकूम पाळतो. म्हणून रिपेअरवाला 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणाला तरी ते टिकत नाही. कर्ज देणाऱ्याने नोंद काढली तरच ते जातं.

हे आधी ओळखायचं कसं? म्हणून तर मी रिसेट न केलेला फोन मागायला सांगतोय. त्याच्या सेटिंगमध्ये वरच्या शोधाच्या जागी Device admin apps असं लिहून बघ. त्या यादीत Find Hub, म्हणजे आधीचं Find My Device, किंवा ईमेलचं अॅप असेल तर काळजी नाही. पण एखाद्या फायनान्स कंपनीचं किंवा हप्ते, लोन, पेमेंट अशा नावाचं अॅप असेल, त्याचं बटण बंद होत नसेल, किंवा ते अॅप अनइन्स्टॉल करायला गेल्यावर पर्यायच येत नसेल, तर हप्त्याची दोरी अजून फोनला बांधलेली आहे. Factory data reset चा पर्याय फिकट होऊन दाबताच येत नसेल, तर तीही तीच खूण. हे सगळं निपाणीच्या मित्राच्या फोनवर बघायला दोन मिनिटं लागतात, आणि रिसेट झाल्यावर यातलं बरंचसं दिसत नाही.

तरीही एवढ्याने भागत नाही, माझ्या बाबतीत भागलं नाही तसं. हप्ते संपले असतील तर कर्ज देणाऱ्याकडून नो ड्यूजचं पत्र मिळतं. बहुतेकांच्या अॅपमधूनच ते उतरवून घेता येतं. त्यावर कर्जाचा क्रमांक आणि कर्जदाराचं नाव असतं. ते नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच आहे ना, हे बघ. भावाच्या किंवा मित्राच्या नावावर फोन काढलेला असतो हे आपल्याकडे किती चालतं, तुला माहीतच आहे. 'बिल सापडत नाही' यावर माझा फारसा राग नाही, माणसं बिल हरवतात. पण हप्त्यावर घेतलेल्या फोनचं बिल कर्ज देणाऱ्याकडे असतं आणि विकणाऱ्या दुकानाकडेही असतं. दुकानाच्या काउंटरवर मोबाइल नंबर सांगितला तर जुनं बिल परत छापून देणारी दुकानं पुष्कळ आहेत. दीड वर्ष म्हणजे काही फार जुनं नाही. तुझ्या फोनच्या बाबतीत हे एकच पत्र मी अडून मागेन. ते नसेल तर बाकी सगळं पास झालं तरी मी पुढे जाणार नाही.

बॅटरीचे १०० टक्के म्हणजे ती आत्ता पूर्ण चार्ज आहे, एवढंच. घागर काठोकाठ भरली आहे हे कळलं, घागर केवढी उरलीय हे कळायचं राहिलं. नवीन फोनची ५००० एमएएच बॅटरी दीड वर्षात ४२०० ची झाली असेल, तरी चार्जिंग पूर्ण झालं की पडदा १०० च दाखवणार.

सॅमसंगमध्ये Samsung Members नावाचं अॅप असतं. त्यातल्या फोन तपासणीत Battery status बघितलं की बॅटरीच्या तब्येतीचा शेरा मिळतो. हेही त्याचं खातं आत असतानाच बघून घे. पण शेरा ढोबळ असतो, म्हणून हाताने एक चाचणी कर. फोन साधारण ८० टक्क्यांवर असताना उजेड पूर्ण वाढव, मोबाइल डेटावर व्हिडिओ लाव आणि अर्धा तास चहा पीत बस. ५००० च्या चांगल्या बॅटरीत एवढ्यात साधारण पाच ते आठ टक्के उतरतात. बारा-पंधरा उतरले तर बॅटरी थकली आहे. आणि किती उतरले यापेक्षा कसे उतरले ते जास्त सांगून जातं. ७४, ७३, ७२ असं पायरी पायरीने आलं तर बरं. ७१ वरून एकदम ६४ झालं, किंवा कॅमेरा उघडल्यावर फोन अचानक बंद पडला, तर बॅटरीचा आतला रोध वाढलाय. तिच्यात चार्ज असूनही जोराच्या कामाला ती पुरत नाही.

नक्की आकडा हवा असेल तर चार्जिंगमध्ये मोजावं लागतं. एक्युबॅटरीसारखं अॅप फोनमध्ये आत किती एमएएच गेले ते मोजतं. समज, ३० टक्क्यांवरून ८० पर्यंत नेताना २१०० एमएएच गेले. म्हणजे ५० टक्क्यांना २१००, तर १०० टक्क्यांना ४२००. ५००० पैकी ४२००, म्हणजे ८४ टक्के. दीड वर्षाच्या फोनला हे अगदी ठीक आहे. ७५ च्या खाली आलं तर सर्व्हिस सेंटरला फोन करून त्या मॉडेलच्या बॅटरीचा बसवण्यासकट दर विचार आणि तेवढे पैसे किमतीतून कमी माग. हे मोजायला तासभर तरी चार्जिंग हवं.

एक गोष्ट मात्र पैशांत बसत नाही, ती म्हणजे फुगलेली बॅटरी. फोन पालथा, म्हणजे पडदा खाली करून, काचेच्या टेबलावर ठेव आणि एका कोपऱ्यावर बोटाने हलकं टेकव. डुलला, तर पडदा मधून उचलला गेलाय. मग कडेने नख फिरव. पाठीची पट्टी किंवा पडदा एका बाजूला फटीएवढा सुटलेला लागला, तर दाबून बसवायला जाऊ नको, फोन परत दे. लिथियमची फुगलेली बॅटरी दाबली तर पेट घेऊ शकते.

आता मामेभावाला वाईट वाटण्याबद्दल. तुला वाटतंय की कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं. मी म्हणेन, त्या मित्राच्या बाजूनेही एकदा विचार कर. उद्या हा फोन तुझ्याकडून हरवला, कुणाच्या तरी हाती पडला आणि त्यावरून काही गैरप्रकार झाला, तर पोलीस खरेदीच्या नोंदीवरून आधी कुणाच्या दारात जातील? निपाणीच्या त्या मुलाच्या. फोन अमुक तारखेला विकला असा कागद त्याच्याकडे असेल तर तो दोन मिनिटांत सुटतो. त्याला हे असंच सांग, तो स्वतः कागद आणेल. तुझ्या बाजूने बघायचं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं समजायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेणाऱ्यालाही शिक्षा आहे. काळ्या यादीतल्या फोनमध्ये सिम घातलं की पोलिसांना माग लागतो. तेव्हा फोन मूळ मालकाकडे जातो आणि नऊ हजार तुझे जातात. आपण चौकशी केली होती, हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.

कागद म्हणजे स्टँपपेपर नव्हे. वहीचं एक पान पुरे. फोनचं मॉडेल, दोन्ही आयएमईआय, किंमत, तारीख, 'या फोनवर कुठलाही हप्ता बाकी नाही, असल्यास जबाबदारी माझी' हे एक वाक्य, दोघांची नावं, पत्ते, सह्या. मराठीत लिहा, पण नावं आणि आकडे इंग्रजीतही लिहा, कारण गरज पडली तर वाचणारा कन्नड भाषिक असू शकतो. पैसे यूपीआयने त्याच्याच नावावर दे, म्हणजे तारखेची नोंद आपोआप राहते. रोख मागत असेल किंवा तिसऱ्याच कुणाच्या खात्यावर मागत असेल, तर का, हे विचार.

घ्यायचा की नाही, यावर माझं मत सांगतो. नो ड्यूजचं पत्र मिळालं, खाती समोर निघाली, बॅटरी ऐंशीच्या आसपास निघाली, तर नऊ हजारांत हा चांगला सौदा आहे, घे. पत्र मिळत नसेल तर खडेबाजार, गणपत गल्लीच्या बाजूला जुने फोन बिलासकट विकणारी दुकानं बघ. तिथे हजार-दीड हजार जास्त पडतील, पण जीएसटीचं बिल आणि थोड्या महिन्यांची वॉरंटी मिळते, आणि कुलूप निघालं तर परत घेऊन उभं राहायला एक काउंटर असतो. ते पैसे मी कुलपाच्या भीतीपोटी नक्की देईन. मात्र तिथेही नेट लावून पहिल्या पडद्यापासून सुरुवात करायची, बिलावर आयएमईआय लिहून घ्यायचा आणि वॉरंटीत बॅटरी धरलीय का हे विचारायचं. नऊ हजारांत नवा फोनही येतो, पण त्या किमतीत मेमरी इतकी कमी असते की अभ्यासाच्या अॅप्सनी तो वर्षभरात रडायला लागतो. तुझ्या जागी मी तो तिसरा पर्याय ठेवेन.

मित्राला निपाणीहून रविवारी बेळगावला बोलाव. सोबत चार्जर, त्याचे पासवर्ड आणि ते पत्र आणायला सांग. बसस्टँडजवळ एखाद्या हॉटेलात, जिथे टेबलाशी चार्जिंगचा प्लग आहे आणि रेंज चांगली आहे, तिथे बसा. मामेभावालाही बोलाव, कागदावर साक्षीदार म्हणून त्याची सही घे, म्हणजे त्यालाही आपल्याला वगळलं असं वाटणार नाही. फोन तीस टक्क्यांच्या आसपास उतरवून आणायला सांग. आल्या आल्या आयएमईआय, सिम आणि Device admin apps बघून घे, मग चार्जिंगला लावून बॅटरी मोजायला सोड. ऐंशीला पोचला की चार्जर काढून व्हिडिओची चाचणी, आणि रिसेट सगळ्यात शेवटी. यात अडीच-तीन तास जातात. अकराच्या सुमारास बसलीस तर जांबोटीची संध्याकाळची बस चुकणार नाही.